पाच फुटी पॅरापेट वळवात पडलं, परत बांधताना काय करू?

रंकाळाकाठ | शुक्रवार, रात्री ९.१०

मंडळी, गेल्या गुरुवारी संध्याकाळी जो वळीव झाला त्यात आमच्या गच्चीचं पॅरापेट पडलं. कुणाला लागलं नाही. बोळात खेळणारी पोरं पाच मिनिटं आधी पाऊस आला म्हणून घरात पळाली होती. ते आठवलं की अजून हात थरथरतात.

घर फुलेवाडीजवळ, २००९ चं. तळमजला आणि वर एक मजला, आरसीसी कॉलमवर. मूळचं पॅरापेट तीन फूट होतं, साडेचार इंची विटेचं. २०१८ मध्ये मुलगा गच्चीवर क्रिकेट खेळायला लागला आणि समोर अपार्टमेंट उठलं, म्हणून त्याच्यावर आणखी दोन फूट चढवून पाच फूट केलं. दोन्ही बाजूंनी गिलावा, वरून रंग. दिसायला एकदम भक्कम.

गुरुवारी पूर्वेकडून वारा सुटला. पश्चिमेची भिंत तीस फूट लांब आहे, त्यातली मधली साधारण बावीस फूट अख्खी बाहेर बोळात गेली. शेजाऱ्यांची मोपेड चेपली. दोन्ही टोकांना चार-चार फूट भिंत मात्र जशीच्या तशी उभी आहे.

गवंडी म्हणतो, आता नऊ इंची बांधू म्हणजे शंभर वर्षं बघायला नको. घरच्यांना उंची पाच फूटच पाहिजे. माझा प्रश्न असा: नऊ इंची केलं की पुरतं का? आणि नाही तर नेमकं काय करायचं? उरलेल्या तीन बाजूही पाच फूटच आहेत, रात्री वारा सुटला की झोप लागत नाही.

पंचगंगा_काठचा | शुक्रवार, रात्री ९.३२

कुणाला लागलं नाही हे अंबाबाईची कृपा. नऊ इंचीच करा. आमच्या आजोबांच्या वाड्याच्या भिंती दीड फुटाच्या, काय वादळं आली नि गेली.

शाहूपुरीची_सुमन | शुक्रवार, रात्री ९.५०

आमच्याही पॅरापेटचा त्रास आहे. दर पावसाळ्यात पॅरापेटच्या बुडातून ओल येऊन खालच्या बेडरूमच्या छताला डाग पडतात. दोनदा वॉटरप्रूफिंग करून घेतलं. तुम्ही कुठला केमिकल वापरता?

रंकाळाकाठ | शुक्रवार, रात्री ९.५८

सुमनताई, माझा प्रश्न गळतीचा नाही, भिंत पडण्याचा आहे. गळतीसाठी वेगळा धागा काढा, मीही येतो तिथं.

ओळंबा | शुक्रवार, रात्री १०.४०

सुमनताईंचा प्रश्न वाटतो तितका वेगळा नाही, त्याकडे परत येतो.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, बरीच वर्षं कोल्हापूर-सांगली-इचलकरंजी भागात काम करतोय. रंकाळाकाठ, मला आधी तीन गोष्टी सांगा. भिंत तुटली कुठून: स्लॅबच्या अगदी लगत, की तीन फुटांवर जिथं जुनं-नवं जोडलं तिथं? खाली राहिलेला भाग कसा दिसतो? आणि पुढच्या मजल्यासाठी कॉलमच्या सळया गच्चीवर सोडल्या आहेत का?

थापी_आणि_ओळ | शुक्रवार, रात्री ११.०५

माझा बा गवंडी, मी पण साइटवरच वाढलो. नऊ इंचीची गरज न्हाय भावा. साडेचार इंचीतच दर चार थरांला सहा एमएमच्या दोन सळया आडव्या टाकायच्या, मसाला एकास चार. आमी किती पॅरापेट बांधली अशी, एक बी पडलं न्हाय.

रंकाळाकाठ | शनिवार, सकाळी ७.४५

ओळंबा सर, सकाळी वर जाऊन नीट बघून आलो.

तुटली अगदी बुडातून. स्लॅबवर विटांचा एकच थर राहिलाय, आणि त्याचा वरचा पृष्ठभाग इतका स्वच्छ आहे की झाडून घेतल्यासारखा वाटतो. मसाला वरच्या विटेला चिकटून गेलाय, खालच्या विटेवर फक्त पांढरट पूड. तीन फुटांवरचा जोड तुटलाच नाही, पडताना जुनं-नवं एकत्रच गेलं. आतल्या बाजूला कोब्याचा गोलावा वीतभर वर आलेला आहे, तो तसाच आहे.

सळया आहेत. दर दहा फुटांवर एक कॉलम, त्याच्या चार-चार सळया वर आल्यात, पण त्या पॅरापेटच्या आत नाहीत. भिंत त्यांच्या बाहेरून गेली आहे, सळया आतल्या बाजूला वाकवून ठेवल्यात.

ओळंबा | शनिवार, सकाळी ११.२०

म्हणजे चित्र स्पष्ट झालं. जरा सविस्तर लिहितो, कारण ही एका घराची गोष्ट नाही.

पॅरापेटला वर छत नाही आणि मागं आडवी भिंत नाही. खोलीची भिंत वरून स्लॅबनं आणि बाजूंनी दुसऱ्या भिंतींनी धरलेली असते. पॅरापेट फक्त बुडाशी टेकलेलं असतं, जमिनीवर पुस्तक उभं करावं तसं. त्याला उभं ठेवणाऱ्या गोष्टी दोनच: स्वतःचं वजन आणि बुडातल्या मसाल्याची चिकट.

तुमच्या भिंतीचा एक मीटर लांबीचा तुकडा घ्या. गिलाव्यासकट जाडी साधारण १४ सेंटीमीटर. पाच फूट उंचीला त्याचं वजन सुमारे ४२० किलो. भिंत बाहेरच्या कडेवर पलटी होताना हे वजन तिला मागं ओढतं, पण फक्त अर्ध्या जाडीच्या, म्हणजे सात सेंटीमीटरच्या हातानं. गुणाकार केला की किलो गुणिले मीटर या मापात जवळपास ३०. पुढचे जोराचे आकडेही याच मापात. ही तिची ताकद.

आता वारा. वळवाचा झोत ताशी ९० किलोमीटरचा धरला तर एका चौरस मीटरवर ३८ किलो दाब येतो. दीड मीटर उंचीवर ५७ किलो. हा दाब भिंतीच्या मध्यावर, म्हणजे पाऊण मीटर उंचीवर ढकलतो. म्हणजे ४३. तीसपेक्षा त्रेचाळीस जास्त.

आता तुमचं जुनं तीन फुटी पॅरापेट. वजनाची ताकद १८, त्याच वाऱ्याचा रेटा १५. वजनावरच उभं राहतं. म्हणूनच २००९ ते २०१८ काही झालं नाही. दोन फूट चढवले तेव्हा वजन दीडपटीपेक्षा थोडं जास्त झालं, पण वाऱ्याचा पलटी करणारा जोर जवळपास तिप्पट झाला. कारण उंची वाढली की वाऱ्याला क्षेत्रही जास्त मिळतं आणि तो ढकलतोही जास्त वरून. उंची दोनदा मोजली जाते, जाडी मात्र होती तेवढीच राहते.

२०१८ पासून गुरुवारपर्यंत ती उभी होती ती बुडातल्या मसाल्याच्या चिकटीवर. आणि ती चिकट कधीतरी सुटली होती. तुम्ही लिहिलेली पांढरट पूड हीच त्याची खूण. ताज्या तुटलेल्या सांध्यात वीट फाटते, मसाल्याचे तुकडे दोन्ही बाजूंना राहतात. तुमचा सांधा बऱ्याच आधी उघडा पडला होता, पाणी आत-बाहेर करत होतं, चुना धुऊन निघत होता.

पंचगंगा_काठचा | शनिवार, दुपारी १२.०२

सर, हिशेब पटला, पण मग अर्ध्या कोल्हापुरातली उंच पॅरापेट उभी कशी? राजारामपुरीत आमच्या गल्लीत पाच फुटाच्या खाली एकही नाही.

ओळंबा | शनिवार, दुपारी १२.३०

चांगला प्रश्न. बहुतेक चिकटीवर उभी आहेत. ती शाबूत असते तोवर भिंत आणि स्लॅब एकच असल्यासारखी वागतात. शिवाय गच्च्या लहान असतात. भिंत छोटी असली आणि दोन्ही टोकांना काटकोनात वळलेली असली की कोपरे तिला धरून ठेवतात. रंकाळाकाठ यांच्या भिंतीची टोकं चार-चार फूट का राहिली, याचं उत्तर तेच. कोपऱ्यापासून साधारण भिंतीच्या उंचीएवढ्या अंतरापर्यंत आडव्या भिंतीचा आधार पोचतो. मधले बावीस फूट कुणाच्याच आधाराला नव्हते.

आणि आपल्या भागासाठी बांधकामाच्या भारतीय संहितेत धरलेला वारा नव्वदचा नाही, सेकंदाला ३९ मीटरचा आहे, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. तो झोत तुमच्या गल्लीत अजून आला नसेल. तो आला तर पाच फुटी भिंतीवर पलटी करणारा जोर त्रेचाळीस नाही, १०५ होतो.

थापी_आणि_ओळ | शनिवार, दुपारी १.१५

सर मग माझ्या सळयांचं काय? दर चार थरांला सळई हाय म्हटल्यावर भिंत फुटणारच न्हाय.

ओळंबा | शनिवार, दुपारी १.५०

फुटणार नाही, हे बरोबर. तुमची सळई भिंतीला आडवी मजबूत करते. पण रंकाळाकाठ यांची भिंत फुटली नाही, ती बुडातून उलटली. आडवी सळई बुडाचा सांधा ओलांडतच नाही. खाली उतरणारी एकही सळई नसेल तर अख्खी भिंत एकसंध राहून एकसंधच खाली येईल.

तीच आडवी सळई दोन कॉलमांच्या मध्ये टाकली आणि तिची टोकं कॉलममध्ये आत नेली, तर मात्र ती फार कामाची आहे. मग भिंत वाऱ्याचा जोर कॉलमला देते, कॉलम बीमला देतो. तुमच्या वडिलांनी बांधलेल्या पॅरापेटांत मध्ये-मध्ये आरसीसी कॉलम होते का, ते आठवून बघा.

थापी_आणि_ओळ | शनिवार, दुपारी २.१०

व्हते की. कोपऱ्याला आणि मधी मधी. ते आमी दिसायला बरं म्हणून उभं करायचो, वर गोळा बसवायला.

ओळंबा | शनिवार, दुपारी २.१४

तेच तुमच्या भिंती धरून बसले आहेत.

मंगळवारपेठी_आबा | शनिवार, सायंकाळी ५.३०

मी ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पाहिलेला माणूस आहे. शाळेत होतो. पहाटे चारनंतर फळीवरची पितळी भांडी वाजायला लागली, आई आम्हा भावंडांना ओढत अंगणात घेऊन आली. आमच्या घराची कौलं सरकली, मातीच्या भिंतीला भेग गेली. पण पॅरापेट पडल्याचं मला आठवत नाही, कारण आमच्या आळीत पॅरापेटच नव्हतं. सगळी कौलारू घरं. गच्च्या आल्या, मग त्यांचे कठडे आले. ती भिंत त्या भूकंपाची परीक्षा न देताच मोठी झाली आहे. ओळंबासाहेब, वाऱ्याचं कळलं, भूकंपात काय होईल?

ओळंबा | शनिवार, रात्री ८.२५

आबा, नमस्कार. २०१६ च्या भूकंप संहितेच्या नकाशात कोल्हापूर तिसऱ्या झोनमध्ये आणि कोयना चौथ्यात आहे.

भूकंपात जमीन हलते, पण गच्ची जमिनीपेक्षा जास्त हलते. वेताची छडी बुडाशी धरून हलवली तर शेंडा जास्त फिरतो, तसं. त्या शेंड्यावर पॅरापेट उभं असतं. म्हणून संहिता सांगते की पॅरापेट, टाक्या, धुराडी यांसारख्या गच्चीवर उभ्या राहणाऱ्या गोष्टी इमारतीसाठी धरलेल्या आडव्या धक्क्याच्या गुणांकाच्या पाचपटीसाठी तपासा. आपल्या झोनमध्ये साध्या दोन मजली आरसीसी घराला ते साधारण भिंतीच्या स्वतःच्या वजनाच्या एक तृतीयांशाएवढं येतं. म्हणजे ४२० किलोच्या तुकड्याला १४० किलोचा आडवा धक्का. त्याचा पलटी करणारा जोर पुन्हा १०५. योगायोगानं मोठ्या वाऱ्याएवढाच. समोर वजनाची ताकद ३०.

आता गवंड्याच्या नऊ इंचीकडे येऊ. वाऱ्यासाठी तो चुकत नाही. नऊ इंची भिंतीची वजनाची ताकद शंभरच्या आसपास जाते, मोठ्या वाऱ्याच्या १०५ ला जेमतेम टेकते. पण भूकंपाचा धक्का वजनाच्या प्रमाणात येतो. भिंत जड केली की धक्काही जड होतो. नऊ इंचीला तो जोर १९५ च्या घरात जातो, ताकद १०० च. साडेचारला साडेतीनपट कमी पडत होती, नवाला दुप्पट कमी पडते. सुधारणा आहे, पण सुटका नाही. वर आता प्रत्येक मीटरला ४२० ऐवजी ७८० किलो तुमच्या कडेच्या बीमवर बसतील, त्यासाठी तो बीम २००९ मध्ये काढलेला नाही. आणि पडलंच, तर जवळपास दुप्पट वजन बोळात पडेल.

एक गोष्ट न्यायानं सांगतो. भिंत डुलायला लागली म्हणजे ती पडलीच असं नाही. धक्का क्षणात उलटतो, भिंत मागं येऊन बसू शकते. त्यामुळे हे आकडे म्हणजे नक्की पडण्याची रेषा नव्हे, बिनआधाराची भिंत धोक्यात शिरते ती रेषा.

वेलिंग्टनचा_पाहुणा | रविवार, पहाटे ५.४०

मूळचा जयसिंगपूरचा, आता न्यूझीलंडमध्ये. इथं हा विषय जुन्या जखमेचा आहे. ४ सप्टेंबर २०१० ला ख्राइस्टचर्चजवळ भूकंप झाला तो पहाटे ४.३५ ला. जुन्या विटेच्या इमारतींची पॅरापेट रस्त्यावर ढिगानं पडली, पण रस्ते रिकामे होते. २२ फेब्रुवारी २०११ चा भूकंप दुपारी १२.५१ ला झाला, जेवणाच्या सुट्टीत. या वेळी तशाच भिंती फुटपाथवरच्या लोकांवर आणि एका बसवर पडल्या. पुढे २०१६ च्या भूकंपानंतर वेलिंग्टनसह काही भागांत सरकारनं रस्त्याकडची अशी पॅरापेट आणि दर्शनी भिंती ठरावीक मुदतीत बांधून घेण्याचा हुकूमच काढला. इथं बहुतेक ठिकाणी गच्चीच्या आतून लोखंडी तिरके आधार लावतात. रस्त्यावरून दिसत नाहीत.

रंकाळाकाठ, तुमच्या बोळातल्या, पाच मिनिटं आधी पळालेल्या पोरांचं वाचून मला तेच आठवलं.

सावली_जाधववाडी | रविवार, सकाळी ९.१५

पण हे बाहेरच का पडतं? वारा तर दोन्हीकडून येतो.

ओळंबा | रविवार, सकाळी १०.००

रंकाळाकाठ यांच्याकडे वारा पूर्वेचा होता आणि भिंत पश्चिमेची, म्हणून आतून बाहेर ढकललं. पण एकूणच बाहेर पडण्याकडे कल जास्त असतो. आतल्या बाजूला कोबा आणि त्याचा गोलावा भिंतीच्या पायाला टेकलेला असतो, बाहेरच्या बाजूला काहीच नसतं.

आणि इथंच सुमनताईंचा प्रश्न येतो. गच्चीचा स्लॅब उन्हाळ्यात तापून फुगतो, रात्री आकसतो. भिंत तेवढी फुगत नाही. दोघांमधला बुडाचा सांधा रोज सरकतो आणि काही वर्षांत तिथं केसासारखी आडवी भेग पडते. त्या भेगेतून पाणी शिरतं आणि खालच्या खोलीत डाग उमटतो. ताई, दोनदा वॉटरप्रूफिंग करूनही ओल परत येत असेल तर बाहेरच्या बाजूनं, स्लॅबच्या पातळीवर आडवी रेष दिसते का बघा. पाऊस उघडल्यावर दोन तासांनी बघा, बाकी भिंत सुकलेली असते आणि भेगेची रेष ओली काळी दिसते. ती रेष लांबच लांब असेल तर प्रश्न फक्त डागाचा नाही. तुमचं पॅरापेट किती उंच आहे?

शाहूपुरीची_सुमन | रविवार, सकाळी ११.४५

साडेचार फूट असेल. आणि त्याला आमच्या खालच्या दुकानदारानं लोखंडी अँगल ठोकून फ्लेक्स लावलाय, पॅरापेटच्या वर चार फूट. रस्त्याकडच्या बाजूला. आता मलाच भीती वाटायला लागली.

ओळंबा | रविवार, दुपारी १२.१०

तो फ्लेक्स आजच उतरवून घ्या, उद्यावर टाकू नका. फ्लेक्स म्हणजे भिंतीच्या माथ्यावर बांधलेलं शीड. चार फूट उंच फ्लेक्सवर त्याच वळवाच्या वाऱ्याचे मीटरमागे ४५ किलो येतात, आणि ते भिंतीच्या मध्यावर नाही, तिच्या डोक्यावरून ढकलतात. तुमच्या भिंतीच्या बुडाशी एकट्या फ्लेक्सचा जोर नव्वदच्या आसपास जाईल. साडेचार इंची भिंतीची वजनाची ताकद तिशीच्याही खाली. भेग असेल तर अडवायला काही नाही.

शाहूपुरीची_सुमन | रविवार, सायंकाळी ६.२०

उतरवला. दुकानदार कुरकुरला, पण त्याला बाहेरची आडवी रेष दाखवली. आहे ती, जवळजवळ अख्ख्या लांबीला. मग स्वतःच पोरं घेऊन वर चढला.

रंकाळाकाठ | रविवार, रात्री ९.००

सुमनताई, बरं वाटलं वाचून. शेजाऱ्यांच्या मोपेडचा खर्च मी देतोय, त्यावर वाद नाही.

सर, आता माझं सांगा. घरात दोन पक्ष आहेत. माझं मत, तीन फूट भिंत आणि वर दोन फूट पाइपचं रेलिंग. आई आणि बायको म्हणतात, समोरचं अपार्टमेंट सरळ गच्चीत बघतं, पापड वाळत घालायचं म्हटलं तरी अवघडल्यासारखं होतं, आडोसा पाहिजे.

ओळंबा | रविवार, रात्री १०.१५

दोन्ही होऊ शकतं, खर्च आणि मेहनत वेगळी.

पहिला रस्ता: एक मीटर भिंत, वर पाइप. पाइपातून वारा निघून जातो. फक्त त्या रेलिंगला आडोशासाठी हिरवी जाळी किंवा पत्रा बांधायचा मोह होतो, आणि तो बांधला की परत पाच फुटी भिंतीचाच हिशेब.

दुसरा रस्ता: पाच फूट भिंत, पण कॉलमांवर टांगलेली. भिंत साडेचार इंचीच ठेवा. दर पाच फुटांवर आरसीसी कॉलम, साडेचार बाय नऊ इंची, भिंतीतच बसणारा. त्यात दहा एमएमच्या चार सळया, सहा इंचांवर रिंगा. माथ्यावर सलग काँक्रीटची कोपिंग पट्टी, तीन-चार इंच जाड, त्यात आठ एमएमच्या दोन सळया, कोपऱ्यातून वळवून पुढच्या भिंतीत नेलेल्या. कॉलमवर मीटरमागे नाही, पाच फुटांच्या भिंतीचा एकत्र जोर येतो, साधारण १६०. या सळया तो पेलतात.

पण सगळा जीव सळया खाली कशा धरल्या आहेत यात आहे. स्लॅब पाच इंचाचा असतो, त्यात भोक पाडून सळई रोवली तर ती धरत नाही आणि स्लॅबही बाद होतो. सळया कडेच्या बीममध्येच गेल्या पाहिजेत. कोबा फोडून स्लॅब उघडा करा, बीमवर चौदा एमएमचं भोक सहा इंच खोल, तार-ब्रशनं घासायचं, पंपानं हवा मारायची, परत घासायचं, परत हवा. मग केमिकल भरून सळई फिरवत आत घालायची. मी साइटवर उपटून काढलेल्या सळया बघितल्या आहेत. त्यातल्या बहुतेक भोकात राहिलेल्या धुळीमुळे सुटल्या होत्या. केमिकल धुळीला चिकटलं होतं, काँक्रीटला नाही. ओल्या भोकात तर करूच नका, म्हणजे मृगाच्या आधी.

आणि क्रम: आधी वीटकाम, कॉलमच्या बाजूला एकाआड एक थर पुढे काढून दाते ठेवायचे, मग काँक्रीट ओतायचं, म्हणजे ते दात्यांत शिरतं. उलटं केलं की कॉलम आणि भिंतीमध्ये सरळ फट राहते.

थापी_आणि_ओळ | सोमवार, सकाळी ७.२०

दात्याचं बराबर हाय. आमचा बा पण असंच करतो. बा म्हणतोय, सोडलेल्या कॉलमच्या सळया हायेत तर त्याच उभ्या करा की, भोकं कशाला?

ओळंबा | सोमवार, सकाळी ८.०५

वडिलांना सांगा, विचार बरोबर आहे. त्या सळया मूळ कॉलममधून आल्या आहेत, त्यांच्याइतकी पकड कुठल्याच भोकाला नाही. पण दोन अडचणी. त्या दहा फुटांवर आहेत, मधल्या कॉलमांना भोकं लागतीलच. आणि सोळा-सतरा वर्षं उघड्या पडलेल्या सळया बुडाशी, काँक्रीटमधून बाहेर येतात तिथं, गंजून बारीक होतात. वाकवलेल्या असतील तर सरळ करताना तिथंच मोडतात. रंकाळाकाठ, एक सळई ब्रशनं घासून बुडाशी व्हर्नियरनं मोजा.

सावली_जाधववाडी | सोमवार, सकाळी ९.३०

एएसी ब्लॉक वापरले तर? हलके असतात, भूकंपात बरे ना?

ओळंबा | सोमवार, सकाळी ९.५०

भूकंपात बरे, कारण वजन कमी म्हणजे धक्का कमी. वाऱ्यात वाईट, कारण वजन कमी म्हणजे ताकदही कमी. कॉलम आणि कोपिंग असतील तर चालतील, नसतील तर विटेच्याही आधी जातील.

मंगळवारपेठी_आबा | सोमवार, दुपारी ४.००

उरलेल्या तीन बाजूंचं काय करणार? त्या पाडून परत बांधायच्या का?

वेलिंग्टनचा_पाहुणा | सोमवार, सायंकाळी ५.१०

आतून तिरके लोखंडी आधार बघा, पाडायला लागत नाही.

ओळंबा | सोमवार, रात्री ९.४०

आधार चालतील, पण त्यांचा खालचा पाय गच्चीच्या आत स्लॅबवर येतो, बीमवर नाही, आणि प्रत्येक पाय कोबा फोडून वॉटरप्रूफिंगला भोक पाडतो. आपल्या पावसात ते भोक नंतर सांभाळायला लागतं. ज्या बाजूंना भेग आहे तिथं मी वरचे दोन फूट उतरवायला सांगेन. जिथं भेग नाही आणि लांबी कमी आहे तिथं न पाडता कॉलम घालता येतात. यावर माझ्याच क्षेत्रातले लोक वेगळं सांगतील, पण मी जागेवर बघितल्याशिवाय यापुढे जाणार नाही. तोवर तिन्ही बाजूंखाली कुणी बसू नये, गाडी लावू नये.

रंकाळाकाठ | बुधवार, रात्री ८.५०

सळया मोजल्या. मूळ बारा एमएमच्या होत्या असं जुन्या बिलात दिसतं. बुडाशी घासून मोजल्यावर दोन ठिकाणी साडेदहा, एका कॉलमला फक्त आठ. त्यातली एक सरळ करताना हातातच मोडली.

उत्तरेच्या भिंतीला बाहेरून आडवी रेष दिसली, साधारण पंधरा फूट. दक्षिणेला आणि पूर्वेला काही दिसलं नाही. पूर्वेची भिंत जिन्याच्या खोलीला टेकलेली आहे. उत्तरेचे वरचे दोन फूट काल आणि आज उतरवले, छिन्नीनं, एक-एक वीट आतल्या बाजूला काढत. खालच्या तीन फुटांना हात लावलेला नाही.

पश्चिमेला पाच फूट, कॉलमांसह, असं घरात ठरलं. उत्तरेला तीन फूट आणि पाइप. आईनं तिथं जाळी लावणार नाही असं कबूल केलंय, पापड पश्चिमेच्या आडोशाला. दक्षिणेचं अजून ठरत नाही. सर, शनिवारी सकाळी याल का? कोबा पश्चिमेला फोडून बीम उघडा करून ठेवतो.

ओळंबा | बुधवार, रात्री ९.१५

येतो, आठ वाजता. भोकं मी येईपर्यंत पाडू नका, बीमच्या वरच्या सळया कुठं आहेत ते आधी शोधून खुणा करू. आणि थापी, तुमच्या वडिलांना वेळ असेल तर घेऊन या.

थापी_आणि_ओळ | बुधवार, रात्री ९.२१

बा म्हणतोय येतो. स्वतःचा ओळंबा घेऊन येतो म्हणाला.